भरतीच्या पाण्यावरची वीज: पुतणीचं उत्तर पुस्तकाच्या निम्मं का? आणि दिवसातले तास किती?

पूर्णाकाठ
मंडळी, मी जिनिंगवर हिशेब लिहिणारा माणूस, विज्ञान दहावीला सोडलं. पुतणी नांदेडला डिप्लोमाला आहे, इलेक्ट्रिकल. सुट्टीत परभणीला आली आणि एका गणितावर दोन दिवस अडून बसलीय. गणित असं: खाडीच्या तोंडाशी बांध घातलाय, आतल्या जलाशयाचं क्षेत्रफळ २२ चौरस किलोमीटर, भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक ८ मीटर, तर सरासरी किती वीज मिळेल?

तिचं उत्तर १५८ मेगावॉट. पुस्तकाच्या मागे ३१७. बरोब्बर दुप्पट! त्यात तिनेच शोधून काढलं की हे आकडे फ्रान्समधल्या रान्स नदीच्या मुखावरच्या केंद्राचे आहेत, आणि तिथे वर्षाला साधारण ५० कोटी युनिट तयार होतात. त्याची सरासरी काढली तर ५७ मेगावॉट. म्हणजे एका गणिताची तीन उत्तरं. शिवाय तिचा दुसरा प्रश्न, की हे केंद्र दिवसात किती तास चालतं. परभणीहून समुद्र बघायचा तर रात्रीची गाडी धरावी लागते, इथे कुणाला विचारू? म्हणून धागा काढला.

अंबाजोगाईकर
मी अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतो. सरळ आहे. पाणी किती? २२ चौरस किलोमीटर गुणिले ८ मीटर, म्हणजे १७.६ कोटी घनमीटर. समुद्राच्या पाण्याची घनता १०२५. वस्तुमान गुणिले ९.८१ गुणिले उंची ८ मीटर. येतात १.४२ गुणिले १० चा १३ वा घात इतके जूल. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटं, म्हणजे ४४,७०० सेकंद. भागा. ३१७ मेगावॉट. पुस्तक बरोबर आहे. पुतणीने ते निम्मं कुठून आणलं ते विचारा तिला.

पूर्णाकाठ
सर, विचारलं. ती म्हणते वर्गात सूत्रच असं दिलंय:

```
E = ½ × ρ × g × A × h²
```

ρ म्हणजे पाण्याची घनता, g म्हणजे ९.८१, A क्षेत्रफळ आणि h पातळीतला फरक. पण ½ का, हे तिलाही सांगता येत नाही. "सरांनी लिहिलं म्हणून."

सांडवा
मी जलविद्युतवर २९ वर्षं काढली, आता निवृत्त. पूर्णाकाठ, तुमच्याकडे नळ किती दिवसाआड येतो? म्हणजे घरात ड्रम असणारच. पुतणीला एक काम सांगा. २०० लिटरचा ड्रम काठोकाठ भरा, खालची तोटी पूर्ण उघडा आणि एकेक घागर भरायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. तोटीला मधे हात लावायचा नाही. मग बोलू.

पूर्णाकाठ
केलं. अंगणात चिखल झाला, वहिनीचं बोलणं खाल्लं. पहिली घागर ३८ सेकंदात. पाचवी ४६. नवव्या-दहाव्या घागरीला धार इतकी बारीक झाली की पुतणी पायरीवर बसून मोबाईल बघायली. दहावी घागर २ मिनिटं १० सेकंद.

सांडवा
छान. पाणी तेच, तोटी तीच, मग जोर कुठं गेला? डोक्यावरचं पाणी कमी झालं. तुमच्या घागरींनी ते ½ मोजलंय.

ओहोटी पूर्ण लागलीय आणि आतला जलाशय काठोकाठ आहे असं धरा. आतल्या पाण्याचा अगदी वरचा थर ८ मीटर खाली पडेल. पण तो गेला की पातळी उतरली. मधला थर ४ मीटर पडेल, तळचा थर शून्य. सगळ्या थरांची सरासरी पडझड ४ मीटर, ८ नव्हे. अंबाजोगाईकर सरांनी सगळं पाणी ८ मीटरवरून पाडलं, म्हणून त्यांचं दुप्पट झालं.

सर, तुमचं म्हणणं मोठ्या धरणाला चालतं. जायकवाडीचा पसारा भरल्यावर साडेतीनशे चौरस किलोमीटर. पैठणचा १२ मेगावॉटचा संच दिवसभर चालला तरी पातळी बोटाच्या एका पेराइतकीही हलत नाही. तिथे हेड, म्हणजे पाणी पडायची उंची, एकच धरून हिशेब करता येतो. खाडीत तसं नाही, तिथे अख्खा ड्रमच रिकामा करायचाय.

अंबाजोगाईकर
पटलं. निम्मं घ्यायलाच हवं होतं. पण मग पुस्तकात ३१७ आलं कसं? पुस्तक लिहिणाऱ्याने माझ्यासारखीच चूक केली म्हणायचं?

सांडवा
कदाचित. पण ३१७ ला पोचायच्या आणखी दोन वाटा आहेत आणि त्या चुकीच्या नाहीत. पहिली: आतलं पाणी बाहेर सोडतानाही वीज घेतली आणि भरतीचं पाणी आत घेतानाही घेतली, तर एका फेऱ्यात तीच ऊर्जा दोनदा. दुसरी: ऊर्जा एकदाच घेतली पण भागलं ६ तास १२ मिनिटांनी, म्हणजे नुसत्या ओहोटीच्या वेळेने. दोन्हीचं उत्तर ३१७. यातलं पुस्तकाला काय म्हणायचंय ते गणितात लिहिलेलं नाही. पुतणीने पेपरात पहिल्या ओळीत लिहावं, "वीज फक्त बाहेर सोडताना, सरासरी पूर्ण फेऱ्यावर", आणि १५८ लिहून मोकळं व्हावं.

कोरडवाहू
दादाहो, मी औशाकडचा. एक विचारतो, हसू नका. रान्सचं २२ चौरस किलोमीटर, आपल्या जायकवाडीचं साडेतीनशे. सोळापट झालं की! मग आपल्याकडंच का नाही करायलेत हे?

खाडीकडची लेक
हसत नाही हो दादा. मी लातूरची सून, माहेर दापोलीकडचं. लग्न होऊन आले तेव्हा मीही सासऱ्यांना विचारलं होतं, तुमच्या मांजराला ओहोटी कधी लागते? मांजरा म्हणजे नदी हेही त्यांना आधी कळलं नाही, ते आमच्या पायरीवरच्या मांजरीकडे बघत राहिले.

धरणातलं पाणी चंद्र ओढतो, पण इतकं थोडं की डोळ्याला दिसत नाही. अख्ख्या महासागराचं पाणी हलतं आणि खाडीच्या नरसाळ्यात शिरून उंच चढतं तेव्हा आठ-दहा मीटर होतात. आमच्या खाडीतही तेवढं होत नाही, भरतीला जेटीच्या पायऱ्या बुडतात आणि ओहोटीला होडी चिखलात बसते, एवढंच.

सांडवा
आणि कोरडवाहू, सूत्रात क्षेत्रफळ एकदा येतं, उंची दोनदा. क्षेत्र दुप्पट केलं की ऊर्जा दुप्पट. उंची दुप्पट केली की चौपट, कारण पाणीही दुप्पट आणि पडझडही दुप्पट. जायकवाडीचं क्षेत्र सोळापट असलं तरी गुणायचं शून्याच्या वर्गाने.

खरं उदाहरण दक्षिण कोरियातल्या सिहवाचं घ्या, २०११ साली सुरू झालेलं. तिथलं जलाशयाचं क्षेत्र ४३ चौरस किलोमीटरच्या आसपास, रान्सच्या जवळजवळ दुप्पट. पण पाण्याची चढउतार सरासरी ५.६ मीटर. सूत्रात घाला: रान्सची एका फेऱ्याची ऊर्जा ७.०८ गुणिले १० चा १२ वा घात जूल, सिहवाची ६.७८. दुप्पट खाडी अडवून गाडी तिथंच! दोघांची यंत्रंही तेवढीच, रान्स २४० मेगावॉट आणि सिहवा २५४.

अंबाजोगाईकर
थांबा. रान्सची यंत्रं २४० ची आणि पुतणीचं उत्तर १५८? सरासरीपेक्षा मोठी यंत्रं कशाला बसवली? पैसा जास्त झाला होता का?

सांडवा
आता तासांवर आलात. पूर्णाकाठच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. जरा लांब लिहितो.

१५८ ही पूर्ण १२ तास २५ मिनिटांवर पसरलेली सरासरी. यंत्रं तेवढा वेळ चालतच नाहीत. सकाळी ६ वाजता भरती पूर्ण झाली असं धरा. दरवाजे बंद करून आतलं पाणी अडवलं. लगेच टर्बाइन सोडायचं का? नाही, आतबाहेर पातळी सारखी आहे, हेड शून्य. थांबायचं. समुद्र उतरू द्यायचा. भरती-ओहोटी सुरुवातीला सावकाश हलते, मधे वेगाने, शेवटी परत सावकाश. ९ च्या सुमारास समुद्र निम्म्यावर येतो आणि ४ मीटर हेड मिळतं. तेव्हा संच सुरू.

आता आतलं पाणी उतरतंय आणि समुद्रही उतरतोय. साडेदहाला हेड साडेपाचच्या वर जातं. सव्वाबाराला ओहोटी पूर्ण, पण तोवर आतली पातळीही सव्वादोन मीटर खाली आलीय, म्हणून हेड ८ नाही तर ५.७ च्या आसपास. त्यानंतर समुद्र वर यायला लागतो आणि दोन्हीकडून हेड खायला लागतो. दीडला चारच्या खाली. अडीच वाजता दीड मीटरच्या आसपास. एवढ्या हेडवर टर्बाइन नुसतं पाणी घालवतं, म्हणून बंद.

म्हणजे ९ ते अडीच, साडेपाच तास. मग सव्वातीनपर्यंत समुद्र आतल्या पातळीला पोचेपर्यंत वाट बघायची, दरवाजे उघडायचे, संध्याकाळी साडेसहाच्या भरतीपर्यंत जलाशय भरून घ्यायचा. परत बंद. दिवसात असे दोनाला जरा कमी फेरे, म्हणजे एकूण साधारण १० तास वीज आणि १४ तास नाही.

आता पुतणीला एक गोष्ट दाखवा. या सगळ्यात आतली पातळी किती उतरली? चारेक मीटर. सूत्र धरतं की ८ मीटर रिकामं झालं, आणि तेही ओहोटीच्या टोकाला एका क्षणात. खरं पाणी गेलं ८.८ कोटी घनमीटर, सरासरी ४.७ मीटर हेडवर. ऊर्जा निघते ११.५ लाख युनिट. सूत्राचे होतात १९.७ लाख. यंत्रांची कार्यक्षमता ८० टक्के धरली की हातात ९.२ लाख. साडेपाच तासांत तेवढं काढायचं म्हणजे सरासरी १७० मेगावॉट आणि मधल्या दोन तासांत त्याहून बरंच जास्त. म्हणून २४० ची यंत्रं, सर.

पूर्णाकाठ
९.२ लाख गुणिले वर्षाचे ७०५ फेरे. पुतणीने केलं, ६५ कोटी युनिट. ५० च्या जवळ आलो! उरलेले १५ कोटी कुठं गेले?

सांडवा
काही वीज भरताना घेतात आणि काही ठरावीक वेळी हवी म्हणून थांबतात, त्यात फेऱ्यांचं गणित बदलतं. संच देखभालीला बाहेर काढावे लागतात, खाऱ्या पाण्यात तर जास्तच. जलाशय खाली उतरला की काठ उघडे पडतात आणि क्षेत्रफळ २२ राहत नाही, कागदावर मात्र तेच धरतो. यातल्या कशाचा वाटा किती हे मी घरबसल्या सांगणार नाही. ढोबळ हिशेब इतका जवळ आला हेच पुष्कळ.

खाडीकडची लेक
काकांनी ८ मीटर रोजचे धरलेत, पण तसं रोज नसतं ना? आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या पुढेमागे भांग. भांगाला पाणी चढतच नाही फारसं, माझा भाऊ तेव्हा होडीची डागडुजी काढतो.

सांडवा
ताई, बरोबर जागेवर बोट ठेवलंत. रान्सला उधाणाला १२ च्या वर जातं, भांगाला चारेक मीटर. तिप्पट फरक, म्हणजे ऊर्जेत नऊपट. आणि भांगाला तासही घटतात, कारण निम्मी ओहोटी उतरली तरी हेड जेमतेम दोन मीटर. मग आणखी थांबावं लागतं आणि लवकर बंद करावं लागतं. उधाणाला उलटी अडचण. पाणी भरपूर, पण यंत्रं २४० च्या वर जात नाहीत. त्यामुळे "दिवसात १० तास" हे उत्तर पेपराला ठीक आहे, पण पंधरवड्यातला प्रत्येक दिवस वेगळा.

कोरडवाहू
आमच्या फीडरला आठवडाभर दिवसा लाईट, आठवडाभर रात्री. मोटार चालू करायला रात्री दोनला रानात जावं लागतं, साप-विंचू वेगळे. तुमची ही समुद्राची लाईट तरी वेळेवर येते का?

खाडीकडची लेक
वेळेवर येते, पण वेळ रोज सरकते. आमच्या आजोबांचा हिशेब होता, तिथीला पाऊणाने गुणायचं म्हणजे भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ ला, पौर्णिमेला सव्वाअकराला. ढोबळ आहे, आणि आमच्या किनाऱ्यापुरताच, पण जाळं टाकायला पुरतो. रोज पाऊण ते एक तास पुढे.

सांडवा
म्हणजे आज ९ ते अडीच मिळालेली वीज आठवड्याने दुपारी ३ ते रात्री साडेआठ. चूक मिनिटांची, कारण वेळ चंद्रसूर्यावरून वर्षभर आधी काढता येते. वारा किंवा ढगाची इतकी खात्री देता येत नाही. पण माणसाचं घड्याळ २४ तासांचं आणि भरतीचं २४ तास ५० मिनिटांचं, ते कधीच कायमचे जुळत नाहीत.

कोरडवाहू
बरं झालं. साप निदान पंचांग बघून येतील.

अंबाजोगाईकर
एक ऐकीव गोष्ट. रान्सला म्हणे भरती पूर्ण झाल्यावर वीज खर्च करून आणखी पाणी आत पंप करतात, आणि त्याने एकूण वीज वाढते. हे तर सरळ ऊर्जा अक्षय्यतेच्या विरोधात आहे. अशा गोष्टी शिकवणीत पोरं मला विचारतात आणि मी हाकलून देतो.

सांडवा
सर, हाकलू नका, ती पोरं बरोबर आहेत. पैठणचा संचही उलटा फिरून पंप होतो, पण तिथे वर चढवलेलं पाणी त्याच उंचीवरून परत पडतं. जेवढं घातलं त्याहून कमीच मिळतं, फायदा फक्त वेळेचा. इथे मात्र मधल्या वेळात समुद्र खाली जातो.

भरतीला आतबाहेर सारखी पातळी. तेव्हा आतली पातळी १ मीटर वाढवायची म्हणजे पाणी सरासरी फक्त अर्धा मीटर उचलायचं. २२ चौरस किलोमीटरवर १ मीटर म्हणजे २.२ कोटी घनमीटर. नुकसान धरून ४५ हजार युनिट खर्च. तेच पाणी तीन तासांनी ५ मीटरवरून पडतं, सुमारे २ लाख ४५ हजार युनिट देऊन. वरची जी कमाई आहे ती चंद्राने समुद्र खाली ओढला त्याची. नियम कुठं मोडला नाही.

अंबाजोगाईकर
हं. उचलायची उंची वेगळी आणि पाडायची वेगळी. सोमवारच्या बॅचला घेतो. पण मग एक मीटरच का, पाच मीटर पंप का नाही करत?

सांडवा
दुसरा मीटर सरासरी दीड मीटर उचलावा लागतो, तिसरा अडीच. प्रत्येक थर महाग होत जातो. शिवाय चढवायला वेळ मिळतो तो भरतीच्या माथ्यावरचा थोडाच, आणि काठावरची गावंही आहेत. नेमकं कुठं थांबायचं हे त्या दिवशीच्या विजेच्या दरावर ठरतं.

पूर्णाकाठ
पुतणी बाजूला बसून वाचायलीय. ती विचारते, १४ तास अंधार नको असेल तर दोन जलाशय केले तर? एक फक्त भरतीला भरायचा, दुसरा फक्त ओहोटीला रिकामा करायचा, आणि टर्बाइन दोघांच्या मधे. मग पाणी कायम वरच्यातून खालच्यात पडत राहील.

सांडवा
तिला सांगा, ही कल्पना जुनी आहे आणि चालते. २४ तास वीज मिळते. पण २२ चौरस किलोमीटरचे दोन ११ झाले, मधे आणखी एक भिंत आली, आणि वरचा पूर्ण भरत नाही, खालचा पूर्ण रिकामा होत नाही, म्हणून हेडही कमी. वीज अखंड मिळेल पण एकूण निम्म्याहूनही कमी भरेल असा माझा अंदाज. आकडे घालून बघायला हवेत.

खाडीकडची लेक
काका, मला वाटतं दुसरा जलाशय बांधण्यापेक्षा दुसरी खाडी शोधावी. मुंबईला भरती दुपारी बाराला असेल तेव्हा भावनगरला ती काही तास उशिरा पोचते. एकाची बंद होईल तेव्हा दुसऱ्याची चालू.

सांडवा
हे पटण्यासारखं आहे, पण मुंबईची चढउतार साडेतीन मीटर धरली तर आठच्या मानाने ऊर्जा पाचवा हिस्सासुद्धा नाही. आणि दोन्हीकडे भांग एकाच आठवड्यात येणार, ते कसं चुकवणार? चंद्र तर एकच आहे.

पूर्णाकाठ
पुतणीने वही काढलीय, दोन अकरांचा हिशेब मांडायली. ड्रम परत भरायला सांगतेय, या वेळी दोन. नळ गुरुवारी येणार. तोवर वहिनीला कुणी सांगणार?